कठीण विषय कोठे ठेवावा?

चेन्नईतील आमच्या कार्यालयात मंडळाच्या सभेची कार्यपत्रिका लावणे माझ्याकडे असते. मागील सभेत जुनी इमारत पाडण्याचा विषय मी भिडेखातर शेवटी ठेवला. उपाहारगृहाच्या पत्र्यांवरच पाऊण तास खल झाला. पार्किन्सनने १९५७ साली सायकलींच्या छपराची जी थट्टा केली, तीच ही! एक वाजता दोन सभासद विमानतळाकडे निघाले, गणसंख्या मोडली, विषय तहकूब. आणि मंजूर झालेले पत्रे त्या पाडावयाच्या इमारतीचेच होते.

यंदा इतिवृत्त कायम झाल्यावर एक किरकोळ विषय ठेवला आहे. तेवढ्यात उशिरा येणारे स्थिरावतात. मग लगेच इमारत, आणि तिच्यावर अवलंबून असलेले सारे तिच्यामागे.

“सकाळीच भांडण लावता?” साहेबांनी विचारले.

“दुपारी भांडायला कोणी उरत नाही, साहेब.”

त्यांनी सही केली.