कुठलं पीक घेऊ?

मे महिन्यात जांबोटीला मामाकडे होते. मावसभावाचा फोन आला, "मामा, कुठलं पीक घेऊ?" एवढंच. उसासाठी तो कर्ज काढायला निघाला होता.

मामानं विचारलं, "विहिरीला आत्ता पाणी आहे?"

"नाही, आटलीय."

"मग ऊस विसर. पावसाचं पाणी रानात साचतं?"

"उताराची लाल माती, लगेच निचरतं."

"म्हणजे भातही नको. रताळी बघ. जुलैत वरंब्यांवर वेलाचे तुकडे लावायचे, चारेक महिन्यांत काढणी. पाणी तुंबलं तर मात्र कंद कुजतात."

मला वाटलं, झालं. पण मामा म्हणाला, "आधी बेळगावच्या मार्केटपर्यंतचं टेम्पोभाडं विचार. रताळी वजनदार; दर पडला तर भाड्यातच जातील."

कर्जाचा अर्ज अजून दादाच्या खिशातच आहे.