पाचव्या रविवारची मजुरी

नागपूर
12 डिसेंबर 2025

प्रिय बाबू,


तू पाठवलेला हजेरीच्या पानाचा फोटो नीट मोठा करून पाहिला. नोव्हेंबर महिना, कामाचे दिवस 25, भरपगारी सुट्ट्या 4, एकूण 29, रोज 520, हातात 15,080. राईस मिलच्या कारकुनाने तुला सांगितलं की सुट्ट्या महिन्याला चारच धरतात, तसा नियमच आहे. असा नियम कुठेही नाही. नोव्हेंबरात 2, 9, 16, 23 आणि 30 या पाच तारखांना रविवार होता. तू पाचही आठवडे पूर्ण भरलेस. तुझे 520 रुपये त्यांच्याकडे निघतात. पण हे तोंडाने सांगून तिथे कोणी ऐकणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पगारपत्रकं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आकड्यांची काळजी करू नकोस.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. सुट्टी मिळणं वेगळं आणि सुट्टीची मजुरी मिळणं वेगळं. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, 10 जून 1890 रोजी. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 52 आलं. त्यात आठवड्याला एक सुट्टी आहे, पण त्या दिवशीच्या मजुरीबद्दल ते कलम काही बोलत नाही. मजुरीचा हक्क आला त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्यातून. त्याच्या कलम 13 मध्ये सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचा मोबदला, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. भातगिरणी त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे. गेल्या महिन्यात 21 नोव्हेंबरला नवी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद तशीच ठेवली आहे. म्हणून ‘आता कायदा बदलला’ असं कोणी म्हणालं तर गडबडून जाऊ नकोस.

आता तुझ्या मित्राची गोष्ट. तो दुसऱ्या मिलमध्ये आहे, त्याला रोज 600 मिळतात, नोव्हेंबरचे 25 दिवसांचे 15,000 मिळाले आणि रविवारचा एक पैसाही नाही. तू लिहिलंस की आपल्याला निदान चार तरी मिळतात, त्याची तर सरळ लूट चालली आहे. हिशेब मांडून बघ, उलटंच निघतं.

समजा तुमच्या कामाचं महिन्याचं किमान वेतन 15,600 आहे. हा आकडा मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे. खरा आकडा परिमंडळ, काम कुशल आहे की अकुशल, आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता यांवर ठरतो. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनेत दर महिन्याचा असतो आणि रोजंदारीचा दर काढायला त्याला 26 ने भागतात. 15,600 भागिले 26 म्हणजे 600. महिना तर तीस दिवसांचा, मग 26 का? कारण चार रविवार आधीच वजा केले आहेत. तीस दिवसांचे पैसे सव्वीस दिवसांत बसवले आहेत. म्हणजे तुझ्या मित्राच्या प्रत्येक 600 रुपयांत रविवारचा वाटा आधीच मिसळलेला आहे. केंद्र सरकारच्या 1950 च्या नियमांत, नियम 23 मध्ये, हे स्पष्ट लिहिलं आहे: रोजाचा दर महिन्याला 26 ने भागून काढलेला असेल आणि तो अधिसूचित दरापेक्षा कमी नसेल, तर विश्रांतीच्या दिवसाची वेगळी मजुरी देणं लागत नाही.

तुझा 520 कुठून आला? 15,600 भागिले 30. मालकाने महिन्याचे सगळे दिवस, रविवारसकट, वाटून हा दर काढला. असं केलं की रविवार मोजणं त्याच्यावर बंधनकारक होतं, आणि तेही सगळेच रविवार. नोव्हेंबरचे तीस दिवस गुणिले 520, बरोबर 15,600. त्यातला एक रविवार गाळला की महिन्याचा आकडा खाली येतो. तुझा तेवढाच आला, 15,080.

मित्राला मात्र 15,000 मिळाले आणि 15,600 भरले नाहीत, असं तुला वाटेल. नोव्हेंबरपुरतं ते खरं आहे. पाच रविवारचा तीस दिवसांचा महिना 26 च्या हिशेबात एका दिवसाने तोकडा पडतो. पण डिसेंबर बघ, एकतीस दिवस आणि रविवार चार, 7, 14, 21 आणि 28. कामाचे दिवस 27. नोव्हेंबरचे 25 आणि डिसेंबरचे 27 मिळून 52, म्हणजे दोनदा 26. वर्षभराचंही असंच जमतं. 365 मधून 52 रविवार गेले की 313 उरतात आणि बारा गुणिले 26 होतात 312. वर्षभर एकाच मिलमध्ये राहणाऱ्या माणसाला 26 चा भागाकार तोट्याचा नाही. जो नोव्हेंबरपुरताच कामाला लागला आणि डिसेंबरात त्याला घरी बसवलं, त्याचं मात्र नुकसान होतं, आणि नव्या धानाच्या हंगामात असे बरेच जण असतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, पण या एका महिन्यासाठी त्यांना मागता येईल असं कलम मला दिसत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार तिसरा आहे, आणि तो तुमच्या भागात बराच चालतो. दर तीसने भागून काढायचा आणि दिवस सव्वीसच्या पद्धतीने मोजायचे. म्हणजे रोज 520 आणि रविवार शून्य. नोव्हेंबरात हातात येतात 13,000. वर्षाच्या 313 दिवसांचे 1,62,760, म्हणजे बारा महिन्यांच्या किमान वेतनापेक्षा 24,440 कमी. कोणाचाही पगार तपासताना हे एकच बघ: त्याचा रोज गुणिले 26 केला तर महिन्याचं किमान वेतन भरतं का? भरत असेल तर रविवार त्यात आला. भरत नसेल तर रविवार वेगळे मिळायलाच हवेत, आणि तेही नसतील तर ती सरळ चोरी आहे.

आता तुमच्या कारकुनाचा दुसरा मुद्दा. तो म्हणाला की 2 तारखेचा रविवार धरता येत नाही, कारण नोव्हेंबरात त्याच्या आधी तुझी हजेरी एकाच दिवसाची आहे. ही चलाखी हजेरीपत्रक 1 तारखेला सुरू होतं त्यातून येते. नियम महिना बघत नाही. तो बघतो एकाच मालकाकडे रविवारच्या आधीचे सलग सहा दिवस. 2 नोव्हेंबरच्या आधीचे सहा दिवस म्हणजे 27 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर. त्यातले पाच ऑक्टोबरच्या पानावर आहेत आणि एक नोव्हेंबरच्या. दोन्ही पानं शेजारी ठेवली की विषय संपतो. ऑक्टोबरच्या पानाचा फोटो तुझ्याकडे नसेल तर आजच कोणाकडून तरी मिळव.

या सहा दिवसांबद्दल आणखी एक, कारण तुझ्या 20 नोव्हेंबरच्या रकान्यात ‘सु’ लिहिलेलं दिसलं. मशीन बंद होती म्हणून त्यांनीच तुम्हाला घरी पाठवलं होतं आणि त्याचे पैसे दिलेत, म्हणून तुझे 25 दिवस भरले. बिनपगारी पाठवलं असतं तरी 23 चा रविवार गेला नसता. मालकाने स्वतः दिलेली सुट्टी, पगारी असो वा बिनपगारी, सहा दिवसांच्या मोजणीत काम केलेला दिवस धरतात. कामावर बोलावून काम न देता नुसता हजेरीभत्ता दिला तरी तो दिवस मोजतात. न सांगता राहिलेला दिवस मात्र साखळी तोडतो. बोदलकशाला लग्नकार्याला यायचं असेल तर आधी चिठ्ठी देऊन रजा लिहून घे, नाहीतर एका दिवसापायी रविवारही जाईल.

डिसेंबरात मिल रविवारीही चालवणार आहेत म्हणे. काम करायला हरकत नाही, पण त्याचा हिशेबही पक्का ठेव. केंद्रीय नियमाप्रमाणे रविवारी काम केलं तर त्याची मजुरी जादा कामाच्या, म्हणजे दुप्पट दराने मिळते, आणि बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी. तुझ्या हिशेबात त्या रविवारचे 1,040 आणि बदली सुट्टीचे 520. मित्राला रविवारचे 1,200 मिळतील. बदली सुट्टीचे वेगळे नाहीत, कारण ते त्याच्या 600 मध्येच आहेत.

वहिनीलाही हे वाचून दाखव, पण एक सांगून ठेव. ती तलावाच्या पाळीवर रोजगार हमीच्या कामाला जाते तिथे हा हिशेब लागत नाही. तिथे आठवड्यात जास्तीत जास्त सहा दिवस काम आणि जितकं काम तितकी मजुरी. रविवार मागायला ती रोजगार सेवकाशी भांडली तर तिचंच मन दुखेल.

आता करायचं काय. आधी मिलमध्ये एक साधा अर्ज दे: ‘माझा रोज 520 रुपये असून नोव्हेंबर 2025 मध्ये 2, 9, 16, 23 व 30 या पाच साप्ताहिक सुट्ट्या होत्या, पैकी चारचीच मजुरी मिळाली आहे, उरलेल्या एका दिवसाची मिळावी.’ दोन प्रती कर, एकीवर पोचची सही घे. सही देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठव. मार्च, जून आणि ऑगस्ट या महिन्यांतही यंदा पाच रविवार होते. त्यांची पानं सापडली तर त्यांचाही उल्लेख कर, म्हणजे चार दिवसांचे 2,080 होतील. ऐकलं नाही तर गोंदियाला सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. नव्या संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात सहाच महिने होती. नोव्हेंबरची मजुरी संहिता आल्यावर हातात पडली, त्यामुळे तिची चिंता नाही. मार्चचे सहा महिने जुन्या कायद्यातच उलटून गेले, म्हणून ते मिळतीलच असं धरून चालू नकोस. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आता मालकावर आहे, पण म्हणून तुझे फोटो पुसून टाकू नकोस.

अर्ज एकट्याने देऊ नकोस. तुमच्या पाळीतल्या सगळ्यांचा रोज 520 च आहे, म्हणजे सगळ्यांचाच एकेक रविवार गेला आहे. पाच-सहा जणांच्या सह्या असल्या तर तुझ्या एकट्याच्या नावावर कोणी डोळा ठेवणार नाही. शनिवारी रात्री फोन कर, अर्जातली वाक्यं मी सावकाश सांगते, तू लिहून घे. आईच्या गुडघ्याचं औषध पोस्टाने पाठवलं आहे, मिळालं का तेही सांग.

तुझी,
ताई