बासष्ट टक्के म्हणजे किती बाळं?



"डॉक्टर, इंग्रजी शोधनिबंधातलं तुम्ही चार ओळींत सांगता, ते कसं करता?" असं आमच्या पूर्णेतल्या एका शिक्षकांनी मध्यंतरी विचारलं. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी असाच एक निबंध चार ओळींत सांगितला होता, आणि त्या चार ओळी एका बाळाच्या जिवावर बेतल्या असत्या.

माझ्या दवाखान्यात रुग्ण बसतात त्या बाकड्यासमोर एक फळा आहे. त्यावर मी अधूनमधून आरोग्याची माहिती लिहितो. तेव्हा मी लिहिलं होतं: "गडचिरोलीतील संशोधन सांगते, नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेतल्यास ६२ टक्के बाळे वाचतात." आकडा खरा, निबंध खरा, जिल्हाही आपल्याच राज्यातला. मी खूश होतो.

दोनेक आठवड्यांनी जवळच्या गावातल्या एक आजी सहा दिवसांची नात घेऊन आल्या. त्या माझ्याकडे रक्तदाबासाठी यायच्या. बाळ दोन दिवसांपासून अंगावर ओढत नव्हतं, हातपाय गार पडले होते, हलवलं तरी नीट रडत नव्हतं. मी बालरोगतज्ज्ञ नाही, पण हे बाळ जंतुसंसर्गाच्या वाटेवर आहे एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही. दोन दिवस का थांबलात, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. आजी म्हणाल्या, "साहेब, तुमच्याच फळ्यावर लिहिलंय की. घरी राखलं की बाळं वाचतात म्हणून. नातवानं वाचून दाखवलं होतं मला."

बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून, वरून पांघरूण घालून, गाडीनं नांदेडला पाठवलं. तिथल्या नवजात शिशू विभागात ते राहिलं आणि बरं होऊन घरी आलं. त्या रात्री मी फळा पुसला आणि तो निबंध पुन्हा काढला. मी नेमकं काय गाळलं, हे मला शोधायचं होतं.

मूळ गोषवारा काय म्हणतो?

हा निबंध डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. डिसेंबर १९९९ मध्ये तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रत्येक निबंधाच्या सुरुवातीला असतो तसा त्यालाही जेमतेम तीनशे शब्दांचा गोषवारा आहे. त्यात चार भाग असतात: हा प्रश्न का घेतला, काय केलं, काय आढळलं आणि त्याचा अर्थ काय. आपण बहुतेक जण तिसऱ्या भागातला सगळ्यात मोठा आकडा उचलतो आणि निघतो. मीही तेच केलं होतं.

पहिला भाग मी वाचूनही सोडून दिला होता. त्यात म्हटलं आहे की बहुसंख्य नवजात बाळांना उपचार मिळत नाहीत, कारण दवाखाने दूर आहेत आणि परवडत नाहीत. दुसऱ्या भागात कामाची पद्धत आहे. गडचिरोलीतल्या ३९ गावांत ही नवी सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं दोन्हीकडचे जन्म-मृत्यू फक्त नोंदवले. मग १९९५ ते १९९८ अशी तीन वर्षं ३९ गावांत सेवा दिली. सेवा म्हणजे काय? प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसेविका घरी यायची. ती बाळाचा श्वास, वजन, अंगाची ऊब, दूध पिणं पाहायची, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर औषध द्यायची, आणि दर पंधरवड्याला तिच्या कामाची तपासणी व्हायची.

आता माझं वाक्य पाहा. "घरच्या घरी काळजी" या तीन शब्दांत ती सेविका, तिचं प्रशिक्षण, तिची औषधं, तिच्यावरची देखरेख, सगळं गायब झालं होतं. आजींना 'घरी' एवढंच दिसलं. याहून मोठी चूक म्हणजे तुलना कशाशी केली, ते मी सांगितलंच नाही. हा अभ्यास 'घर विरुद्ध दवाखाना' असा नव्हताच. 'सेविका येणारं घर विरुद्ध नेहमीसारखं घर' असा तो होता, तोही दवाखाना हाताशी नसलेल्या मुलखात. आमच्या भागातून तासाभरात गाठता येणाऱ्या दवाखान्याबद्दल त्यात काहीच सिद्ध झालेलं नाही.

आता तो बासष्टचा आकडा

इथे एक गंमत आहे, तीत भलेभले अडकतात. या गोषवाऱ्यात बासष्ट दोनदा येतो. सेवा सुरू होण्याआधी त्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. हा पहिला बासष्ट. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आलं आणि त्याला ६२.२ टक्के निव्वळ घट म्हटलं आहे. हा दुसरा. पहिला हजारात, दुसरा शंभरात.

मी लिहिलं होतं, "६२ टक्के बाळे वाचतात." पण सेवेआधीही हजारातली ९३८ बाळं जगतच होती. घट झाली ती मृत्यूंमध्ये. हजार बाळांमागे ६२ मृत्यू होत होते, ते पंचवीस-सव्वीस झाले. म्हणजे हजारामागे सुमारे ३६ बाळं जास्त वाचली. ही कामगिरी फारच मोठी आहे, पण माझं वाक्य तसं म्हणत नव्हतं.

कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर आणखी एक प्रश्न पडेल. ६२ वरून २५.५ म्हणजे ३६.५ ची घट. ती ६२ च्या एकोणसाठ टक्के होते, मग ६२.२ कुठून आले? उत्तर 'निव्वळ' या शब्दात आहे. तुलनेच्या गावांत त्याच काळात काय झालं, तेही हिशोबात धरलं आहे. तिथे मृत्यू कमी झाले असते, तर तेवढी घट वजा झाली असती. इथे आकडा उलट वाढला, म्हणजे तिथलं प्रमाण थोडं वर गेलं होतं. गोषवाऱ्यात हे वाक्य नाही, पण गणित ते सांगतं. म्हणून सामान्य वाचकासाठी मी टक्का बाजूला ठेवतो आणि 'हजारात आधी किती, नंतर किती' एवढंच लिहितो.

दुसरा मोहाचा आकडा जंतुसंसर्गाचा. त्यातला मृत्यूदर १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला, असं गोषवारा सांगतो. कंसात रुग्णसंख्या आहे: आधी १६३, नंतर ७१. टक्क्यांची माणसं करून पाहा. आधी १६३ पैकी २७ बाळं गेली, नंतर ७१ पैकी २. दोनाऐवजी चार गेली असती, तर तोच टक्का दुप्पट झाला असता. फरक खरा आहे, पण २.८ हा दशांशापर्यंत पक्का आकडा समजून कुणाला हमी देऊ नये.

तिसरं एक वाक्य सांगतं की १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. वरच्या हिशोबानं तर सत्तावीस-अठ्ठावीस बाळांमागे एक यायला हवा. पुन्हा कंसात पाहा. तिथे 'गर्भातला किंवा नवजात' असं लिहिलं आहे, म्हणजे पोटातच दगावणारी बाळंही त्यात धरली आहेत. कंस गाळला की वाक्याचा अर्थच बदलतो. एका परिच्छेदात हे समजावणं शक्य नाही, म्हणून मी ते वाक्य पूर्ण सोडतो. अर्धवट सांगण्यापेक्षा सोडलेलं बरं. डॉलरमधला खर्चही सोडतो. तो त्या काळचा आहे, आज त्यावरून कुणाला काही ठरवता येणार नाही.

राहिलं ते 'पी ०.००१ पेक्षा कमी'. याचा अर्थ 'उपचार ९९.९ टक्के खात्रीचा' असा नाही. सेवेचा काहीच उपयोग नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी, असा आहे. परिच्छेदात मी यासाठी 'हा फरक योगायोगाचा वाटत नाही' एवढंच लिहितो.

नवा परिच्छेद

त्या रात्री खोडून खोडून जे उरलं, ते असं:

*"गडचिरोलीत १९९५ ते १९९८ या काळात, जिथे दवाखाना दूर होता आणि परवडत नव्हता अशा ३९ गावांत, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका नवजात बाळाला घरी जाऊन तपासत आणि जंतुसंसर्ग दिसल्यास औषध देत. आधी तिथे दर हजारात ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण पंचवीस-सव्वीस झालं. अशी सेवा नसलेल्या ४७ गावांत अशी घट झाली नाही, त्यामुळे हा फरक योगायोगाचा वाटत नाही. मात्र घर दवाखान्यापेक्षा चांगलं, असं हा अभ्यास म्हणत नाही. ती तुलना त्यात केलेलीच नाही. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, किंवा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या."*

शेवटचं वाक्य गोषवाऱ्यात नाही. ते मी डॉक्टर म्हणून जोडलं आहे. निबंधाचं काय आणि माझं काय, हे वाचकाला कळावं म्हणून फळ्यावर त्याआधी 'माझा सल्ला' असं लिहिलं होतं. तुम्हीही कुणाचा सारांश वाचताना हा सांधा शोधा.

याच कामाच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ पाहतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तुमच्याकडे त्या आल्या नाहीत, तर निरोप पाठवून बोलवा.

परिच्छेद फळ्यावर लिहिण्याआधी मी त्याच आजींना वाचून दाखवला. 'समजलं का?' असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे 'हो' म्हणतात. "आजी, आता दुसरं नातवंड झालं तर काय कराल?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आशाताईला बोलवीन. अन् बाळ ओढंना झालं, तर फळा बघत बसणार नाही, गाडी बघीन."

मग मी खडू हातात घेतला.