गल्लीतली तिसरी फेरी

यंदा मोहाचा वास पहिल्यांदा आला तो आलापल्लीच्या अलीकडे, शनिवारी दुपारी. गाडी थांबवली, तर खिशातला फोन सलग वाजू लागला. शाळेच्या गावात रेंज नसते, म्हणून आठवडाभराचं सगळं तिथेच, एकदम येतं.

झाडाखाली उभ्या उभ्या तिचं इन्स्टाग्राम उघडलं. ती नर्स आहे. महिन्यापूर्वी एका प्रशिक्षणात ओळख झाली, तेव्हा पाठवलेली फॉलोची विनंती तिने दुसऱ्या दिवशी स्वीकारली होती. आठ दिवसांचे फोटो पाहिले, सात लाइक केले, मग अंगठा खाली सरकतच गेला. बहिणीच्या लग्नातला २०२१चा फोटो आला आणि त्यावरही लाल बदाम उमटला. लगेच काढला. पण लाइक काढलं तरी समोरच्या फोनवर सूचना एकदा झळकून गेलेली असू शकते.

थोड्याच वेळात तिचा निरोप आला. "सर, आज एकदमच सगळं पाहिलंत?"

त्या एका ओळीने मी चंद्रपूरच्या जुन्या गल्लीत जाऊन पडलो. नववीत होतो. एका घरावरून सायकल नेणं हे माझं रोजचं काम होतं, जाताना एकदा, येताना एकदा. एक दिवस तिसऱ्यांदा गेलो, तर त्या मुलीची आजी ओट्यावर उभी. "काहून रे बाबू, पानी पाहिजे का?" मी मान हलवली आणि निघून गेलो. ती रागावली नव्हती, आणि तेच मला आजवर टोचतं.

सायकलची फेरी निदान ओट्यावरून दिसत होती. फोनमध्ये काय दिसतं आणि काय नाही, हे नीट माहीत हवं. इन्स्टाग्रामवर साधा फोटो कोणी नुसता पाहिला तर मालकाला कळत नाही. स्टोरी पाहिली तर नाव यादीत येतं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसचंही तसंच, मात्र निळ्या टिकांची सोय बंद केली की आपलं नाव तिला दिसत नाही आणि आपलं स्टेटस कोणी पाहिलं तेही आपल्याला दिसत नाही. माझा एक मित्र हीच युक्ती सांगतो, वर दुसरं खातं काढून बघत राहा म्हणतो. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. नाव लपवून पाहायचं ठरवलं की आपण ओट्यासमोरून जात नसतो, कुंपणाच्या फटीतून पाहत असतो.

इथे कायदा मध्ये येतो, नको असताना. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आलं. १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेत ७८वं आहे. तिने स्पष्ट नकार दर्शवल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधणं हा त्यातला एक भाग. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर नजर ठेवणं हा दुसरा. तो दुसरा भाग वाचून मी खालीच बसलो. एक लाइक म्हणजे पाळत नव्हे. पण ती कधी ऑनलाइन होती, कोणाच्या फोटोवर तिने काय लिहिलं, याचा मनात हिशेब सुरू झाला की आपण कुठल्या बाजूला निघालो ते आपल्याला कळतंच.

आणि हा तालुका आहे. इथे तिच्या फोटोखालची टिप्पणी तिचा मामा वाचतो, दवाखान्यातल्या बाया वाचतात, माझे विद्यार्थीसुद्धा वाचतात. "सुंदर" असं लिहून मी मोकळा होईन, उत्तरं तिला द्यावी लागतील. स्टोरीवरचं लाइक तसं नाही, ते फक्त तिलाच दिसतं. म्हणून उघड्यावर लिहायचंच तर फोटोतल्या गोष्टीबद्दल लिहावं. प्राणहितेचा फोटो असेल तर हा कुठला घाट, एवढं विचारावं; पुढच्या चार फोटोंवर गप्प राहावं. तिने काल टाकलेल्यावर लाइक चालतं, २०२१मध्ये उतरायचं असेल तर तिने सांगितल्यावर उतरावं. पाहिलेलं बोलण्यात आलंच तर "तुमच्या स्टेटसवर पाहिलं" असं म्हणून टाकावं. तिने न सांगितलेलं आपल्याला ठाऊक निघालं की माणूस दचकतो.

तिला खरंच लिहिलं. रेंज आत्ता आली, म्हणून एकदम पाहिलं. पण जुन्या फोटोंपर्यंत मी गेलो ते रेंजमुळे नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल तर माफ करा. तुमच्याबद्दल जाणून घ्यावंसं वाटतं, ते विचारूनच घेईन.

उत्तराची वाट पाहायला थांबलो नाही, पुढे रेंज जातेच. झाडाखाली कोणीतरी पाचोळा झाडून जागा साफ करून ठेवली होती, पहाटे गळणारी फुलं वेचायला. मला आजीच्या ओट्यावरचा तांब्याचा लोटा आठवला. तेव्हा खरंच तहान लागली होती.