ताटाचे छायाचित्र

आपली आठवण भुकेच्या बाजूने साक्ष देते. छायाचित्राला भूक नसते. म्हणूनच कोल्हापुरातील एका खानावळीतल्या जेवणाविषयी लिहिताना, भाच्याने मोबाईलवर टिपलेले ताट मी पुढे ठेवले आहे. खानावळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. ‘सर, खरे काय ते लिहा,’ असे त्याने बजावले आहे. आणि गुण देताना ओळख बाजूला ठेवायची, ही माझी जुनी सवय.

ताटात ज्वारीची भाकरी, सुके मटण, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या आहेत. एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची.

भाकरीचा पापुद्रा सुटलेला दिसतो आणि कडा कोठे चिरलेल्या नाहीत. पीठ ताजे आहे, त्याची विरी गेलेली नाही. तांबड्यावर तेलाचा तवंग आहे. पण तो वाटीच्या कडेला जिथे फाकला आहे, तिथे खालचा रस्साही लालच दिसतो. मसाला नीट परतला नसता, तर वर रंगीत तेल आणि खाली फिकट पाणी असे दोन मजले दिसले असते. जिभेचा निकालही तोच लागला: तिखट खरा, पण घसा ओरबाडणारा नव्हे.

अडचण पांढऱ्याची आहे. मटण ज्यात शिजते त्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि नारळाचे दूध घालून हा रस्सा करतात. दूध शेवटी पडते, आच मंद हवी. खळखळून उकळला की तो फुटतो आणि वर कण तरंगतात. हा रस्सा मुळात प्यायचा, म्हणून पातळच असायला हवा. छायाचित्रात एकही कण नाही. पण वाटीच्या आतल्या अंगाला दाट थर चिकटून राहिला आहे. रस्सा फुटू नये म्हणून त्यात पिठी कालवलेली होती. खाताना कळले ते छायाचित्र सांगू शकत नाही: पिठीखाली अळणीची चव दबून गेली होती.

मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सर, दुपारच्या गर्दीत मोठे पातेले सारखे गरम ठेवावे लागते. फुटलेला रस्सा कोण घेईल?’

त्याचे भय खरे आहे, उपाय मात्र चुकला. अळणी आणि वाटण मोठ्या पातेल्यात गरम ठेवावे, आणि नारळाचे दूध लहान पातेल्यात, चार-सहा ताटांपुरतेच, वेळेवर मिसळावे. हातकाम वाढेल, पण पिठी लागणार नाही.

तेव्हा निकाल असा: भाकरी आणि तांबडा पहिल्या वर्गात उत्तीर्ण. सुके मटण मऊ, मीठ किंचित जास्त. पांढऱ्याने पुन्हा परीक्षेला बसावे. विद्यार्थी हुशार आहे.