बाथरूममधला कांद्याचा वास



आमच्या घरात कांदा येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून गेल्या दिवाळीत पाहुण्यांच्या बाथरूममधून कांद्याचा वास आला तेव्हा मी चपापले. पुण्याला नोकरी करणारी माझी चोवीस वर्षांची भाची चार दिवसांसाठी आली होती. आत जाऊन पाहिलं तर खिडकीत एक बाटली, केसांना लावायचं कांद्याच्या रसाचं तेल. कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची एक घट्ट पुडी. ती उघडली आणि माझा हात थांबला. आत केसांचा गुंता होता, लिंबाएवढा.

मी तिला काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस. कांदा आणला म्हणून नाही. केस गळतात म्हणून."

घरात कांदा आणण्यापेक्षा केस गळणं तिला मोठा गुन्हा वाटत होता. त्या रात्री तिने सगळं सांगितलं. महिनाभर ती सगळ्यांच्या आधी उठून उशीवरचे केस वेचत होती. मोरीची जाळी रोज स्वतः साफ करत होती. ऑफिसात डोक्यावर उजेड पडेल अशा दिव्याखाली बसत नव्हती. भांगात केसांच्या रंगाची पावडर भरत होती, त्यामुळे पावसात आणि घामात जीव मुठीत. केस गळतील म्हणून नहाणंसुद्धा आठ-आठ दिवस टाळत होती.

इथेच पहिली गाठ सुटली. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज पन्नास ते शंभर गळतात. हे अगदी निरोगी बाईचेही. नहाणं टाळलं तर गळायला आलेले केस इतर केसांत अडकून राहतात आणि आठव्या दिवशी सगळे एकदम हातात येतात. मग भीती वाढते, म्हणून पुढचं नहाणं आणखी लांबतं. तिचं तेच चाललं होतं. अर्थात केवळ तेवढंच नव्हतं. वेणी खरोखर निम्मी झाली होती.

मी तिला घेऊन इथल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ताईला "देवळात जाऊन येतो" असं सांगितलं. म्हणजे लपवालपवीत मीही सामील झाले, हे कबूल करते.

डॉक्टरबाईंनी केसांना हात लावण्याआधी विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" आम्ही दोघी गोंधळलो. केस आत्ता गळतायत, तीन महिन्यांपूर्वीचं काय? मग आठवलं. जुलैच्या अखेरीस तिला डेंग्यू झाला होता, आठ दिवस ताप. आणि भाद्रपदात, अंगात पुरती ताकद आलेली नसताना, तिने दशलक्षणाचे दहा दिवस एकाशन केलं होतं. पोरीने पुण्यात एकटीने केलं म्हणून आम्ही सगळ्यांनी कौतुकच केलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. एरवी दहातला एखादाच केस बसलेला असतो. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, खाणं एकदम तोडणं, असा धक्का शरीराला बसला की वाढणारे पुष्कळ केस एकाच वेळी बसून घेतात. ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष पाण्याला, शाम्पूला, नाहीतर ऑफिसच्या ताणाला जातो. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा दाणा दिसतो. तो पाहून बायका म्हणतात, मूळच निघालं. मूळ निघालेलं नसतं. ते त्वचेत तसंच असतं आणि त्यातून पुन्हा केस येतो.

मग त्यांनी पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढली. चार-पाच केस हातात आले तर एकवेळ ठीक, तिचे नऊ आले. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.१, थायरॉईड ठीक. पण फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, फक्त ९. हे मला नवीन होतं. हिमोग्लोबिन बरं दिसतं तेव्हाही कोठार रिकामं असू शकतं. आपल्या घरात डबे भरलेले दिसतात आणि कोठीत तळ लागलेला असतो, तसं. पाळी जास्त जाते का, अनियमित आहे का, चेहऱ्यावर लव वाढली आहे का, हेही त्यांनी विचारलं.

रक्त द्यायच्या आधी आणखी एक प्रश्न आला होता. केसांसाठी गोळ्या घेतेस का? भाचीने पर्समधून बायोटिनच्या चघळायच्या गोळ्यांची डबी काढली. डॉक्टर म्हणाल्या, या बंद करून चार दिवसांनी रक्त दे, कारण जास्त बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. घरी येऊन मी डबीवरची बारीक अक्षरं वाचली. जिलेटिन! अशा चघळायच्या गोळ्यांत आणि औषधांच्या कॅप्सूलमध्ये ते बरेचदा असतं. आमची पोर कंदमुळं खात नाही आणि केसांच्या भीतीने महिनाभर हे खात होती, कारण घरात विचारायची सोय नव्हती. तुम्ही डबी उलटून वाचत जा.

आणि तो कांद्याचा रस? डॉक्टर म्हणाल्या, त्यावर एक छोटा अभ्यास झालेला आहे, पण तो चाईसाठी. चाई म्हणजे गोल, गुळगुळीत चकती पडते तो आजार. तो वेगळा. तापानंतरच्या गळतीत कांदा लावा नाहीतर लावू नका, फरक पडत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आसपास चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. आमच्या घरी जेवण झालं की लगेच चहा. ती सवय मोडणं गोळ्यांपेक्षा अवघड गेलं. उपवासाबद्दल मी घाबरतच विचारलं. त्या म्हणाल्या, "उपवास करू नका असं मी म्हणत नाही. आजारातून उठल्यावर आणि कोठार रिकामं असताना करू नका." शक्तीप्रमाणे तप, हे तर आपल्याकडेही सांगितलेलं आहे. आपण कौतुकाच्या भरात ते विसरतो.

मग ताईला सांगावं लागलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "कुणाला बोलू नका. जानेवारीत बघायला येणार आहेत." घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, "केस म्हणजे पुद्गल, त्याचं काय एवढं?" तत्त्व खरं आहे, पण ते तिला गप्प बसवण्यासाठी वापरलं गेलं. भाचीने मला नंतर विचारलं, "मावशी, माताजींच्या केशलोचाला आपण गर्दी करतो, पाया पडतो. मग माझ्या डोक्याची लाज का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आता सुचतं ते एवढंच. माताजी दोन ते चार महिन्यांनी आपल्या हाताने केस उपटतात, ते त्यांनी सोडलेले असतात. तुझे गेलेत, तुला कुणी विचारलं नव्हतं. त्यागाचं तत्त्वज्ञान गमावलेल्या माणसाच्या तोंडावर मारायचं नसतं.

मार्चपर्यंत गळती थांबली. कपाळाच्या कडेला नवे आखूड केस उभे राहिले. पण भांग मात्र पूर्वीइतका बारीक झाला नाही. डॉक्टरांनी त्वचेवर भिंग ठेवून पडद्यावर दाखवलं. डोक्याच्या मागच्या भागात सगळे केस एकाच जाडीचे. भांगाजवळ मात्र जाड केसांत कितीतरी बारीक, तंतूसारखे. ही वेगळी गोष्ट, आनुवंशिक विरळपणा. बायकांमध्ये यात कपाळाची रेषा राहते आणि मधला भांग रुंदावत जातो. तापाच्या गळतीने तो फक्त लवकर उघडा पडला. यावर मिनॉक्सिडिल मिळतं. पण पहिले काही आठवडे उलट जास्त केस गळतात, चार ते सहा महिने तरी लावल्याशिवाय फरक कळत नाही, बंद केलं की राखलेले केस पुन्हा जातात आणि दिवस राहायच्या वेळी ते चालत नाही. त्यामुळे ते आपलं आपण दुकानातून आणून सुरू करायचं नाही. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि सुरू केलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे? ताई म्हणाली, कुणाला नाही. मी गप्प राहिले आणि मग बोलले. मला आहे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझा भांग रुंदावला तो तसाच राहिला. गेली अठरा वर्षं मी बाजूला भांग पाडते आणि सगळ्यांना सांगते की मला तसं शोभतं. घरी येऊन आम्ही आईला विचारलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आम्ही त्याला मर्यादा म्हणत आलो. तिने नातीसमोर पदर मागे घेतला आणि म्हणाली, "तिशीपासून असंच आहे गं. विचारलंत कधी?"

तीन पिढ्या एका घरात, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्यालाच झालंय.

जानेवारीतलं स्थळ पुढे गेलं नाही. भाचीने मुलाला स्वतः फोनवर सांगितलं होतं. नंतर त्यांच्याकडून पत्रिकेचं कारण आलं. खरं काय ते आम्हाला कळणार नाही. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेली, भांगात पावडर न भरता.

तुमच्या लेकीची उशी सकाळी फारच स्वच्छ दिसत असेल, मोरीची जाळी ती स्वतःच साफ करत असेल, तर रागावू नका, उपायही लगेच सांगू नका. तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का, ते विचारा. आणि तुमचा स्वतःचा भांग तिला दाखवा.