कोणता माइक ऐकतोय?

मुलाखतीसाठी फोनला कॉलर माइक लावला की बहुतेक जण निर्धास्त होतात. पिन खोचली, क्लिप सदऱ्याला अडकवली, लाल बटण दाबलं, पडद्यावरच्या रेघा बोलण्याबरोबर नाचायला लागल्या. आता काळजी कसली? माझं काम माणसांना बोलतं करून ते बोलणं जपून ठेवण्याचं. या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या नाचणाऱ्या रेघांचीच. फोनला काहीतरी ऐकू येतंय एवढंच त्या सांगतात. कोणत्या माइकातून ऐकू येतंय, हे त्यांच्यावरून कळत नाही.

फोनला स्वतःचे माइक असतातच. त्यातला एक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. बाहेरून लावलेला माइक फोनला ओळखता आला नाही, तर तो कुरकुर न करता आपल्याच माइकवर काम चालू ठेवतो. इशारा नाही, सूचना नाही. आवाज रेकॉर्ड होत राहतो. घरी येऊन कानाला हेडफोन लावले की कळतं, माणूस खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसल्यासारखा ऐकू येतोय आणि पंखा मात्र अगदी कानाशी फिरतोय. रेकॉर्डिंगमधला पंखा नंतर थोडाफार कमी करता येतो, पण भिंतींवरून परतून शब्दांत मिसळलेला घुमारा पूर्णपणे काढता येत नाही.

हे घडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पिनवर उघड्या डोळ्यांनी दिसतं. माइकची पिन उजेडात धरा आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असल्या तर पिनचे तीन भाग झाले. ती कॅमेऱ्याची पिन. तीन रेघा असल्या तर चार भाग झाले, ती फोनची. पहिलीला टीआरएस म्हणतात, दुसरीला टीआरआरएस. आजच्या फोनांत या चार भागांची कामं ठरलेली आहेत. टोक डाव्या कानाचं, त्यामागचा भाग उजव्या कानाचा, तिसरा अर्थिंगचा आणि अगदी बुडाचा माइकचा. या माइकच्या भागातून फोन साधारण दोन व्होल्टचा बारीकसा पुरवठा करतो, त्यावर कॉलर माइकच्या बोंडातला छोटा ट्रान्झिस्टर चालतो. म्हणून फोनला लावायच्या साध्या माइकला सेल लागत नाही.

आता दोन रेघांची पिन फोनच्या जॅकमध्ये घातली तर काय होतं? तिच्या बुडाचा भाग लांब असतो. तो जॅकमधल्या अर्थिंगला आणि माइकला एकाच वेळी टेकतो आणि दोन्ही एकमेकांना जोडून टाकतो. फोनने पाठवलेला पुरवठा थेट अर्थिंगमध्ये जातो. फोन त्यावरून एवढंच समजतो की कुणीतरी माइक नसलेले साधे हेडफोन लावले आहेत. मग तो गाणी हेडफोनकडे पाठवायला तयार होतो आणि ऐकायला आपलाच माइक वापरतो. माइक चांगला, फोनही चांगला, पण दोघांची गाठ पडलेली नसते.

येवल्याला एका पैठणी विणणाऱ्या काकांकडे गेले होते, तेव्हा बरोबर एक विद्यार्थिनी होती. तिने कॉलेजच्या कॅमेऱ्याच्या किटमधला माइक आणला होता. काका मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. शेजारी दुसऱ्या मागावर मुलगा काम करत होता आणि डोक्यावर पंखा. तिने माइक काकांच्या सदऱ्याला लावला, पिन फोनमध्ये घातली आणि म्हणाली, "ताई, लेव्हल मस्त येतेय." रेघा खरंच मस्त येत होत्या. काका बोलले की उठत होत्या, थांबले की बसत होत्या.

मी काकांना म्हटलं, "काका, एक मिनिट काही बोलू नका हं." दुसऱ्या मागावरचा हातही थांबवायला सांगितला. मग माइकच्या फोमवर अंगठ्याने हलकेच घासलं. दोन हातांवरून कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हलकं. पडद्यावरची रेघ ढिम्म. मग फोनच्या खालच्या कडेवर नखाने खरवडलं. रेघ टोकापर्यंत उसळली. निकाल लागला, ऐकत होता तो फोन. पिन उजेडात धरली तर रेघा दोनच. पिशवीत बोटभर लांबीची जोडवायर होती, एका टोकाला टीआरएस पिन घालायची जागा आणि दुसऱ्या टोकाला टीआरआरएस पिन. ती मध्ये घातली, पुन्हा अंगठा फिरवला आणि या वेळी रेघ फोमवर उसळली, खरवडल्यावर जेमतेम हलली. काका हे सगळं निरखत होते. म्हणाले, "आमचंही असंच असतं. बांधलेला धागा एकदा ओढून बघायचा, मगच पुढं."

ही चाचणी मी कुठल्याच मुलाखतीत सोडत नाही. तिच्यामागचा विचार सरळ आहे. बोलण्याचा आवाज दोन्ही माइकांना ऐकू जातो, त्यामुळे बोलून पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. एकालाच ऐकू जाईल आणि दुसऱ्याला जाणार नाही, असा आवाज हवा. फोमवरचा अंगठा तसा आवाज आहे, फोनच्या कडेवरचं नख तसा आवाज आहे. दोन्ही करायचे, कारण फोमला रेघ उसळली आणि नखालाही तितकीच उसळली, तर दोन्ही माइक चालू असण्याची शक्यता उरते. "सकाळी काय जेवलात?" हा प्रश्न आवाजाची पातळी लावण्यासाठी उत्तम, माइक ओळखण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

पिन बरोबर असूनही फोन आपलाच माइक धरून बसतो, त्याची आणखी काही कारणं असतात. पहिलं म्हणजे फोनचं जाड कव्हर. त्याच्या कडेला अडून पिन शेवटपर्यंत बसत नाही, मिलीमीटरभर बाहेर राहते आणि चारही भाग भलत्याच जागी टेकतात. कव्हर काढून पिन घातली की टक् असं बोटांना जाणवतं. ते जाणवेपर्यंत समाधान मानू नये. दुसरं म्हणजे, काही माइकांच्या वायरीवर सेलची डबी आणि स्विच असतो. सहा मीटर वायरीचा बोया बीवाय-एम१ आपल्याकडे बराच दिसतो, त्याचा स्विच कॅमेऱ्यासाठी चालू आणि फोनसाठी बंद ठेवायचा असतो. तो नेमका उलटा असला तर खेळ बिघडतो.

तिसरं कारण नव्या फोनांचं, ज्यांना गोल जॅकच नसतो. त्यांना टाइप-सीचा अडॅप्टर लागतो. त्यातले काही नुसत्या तारा जोडतात आणि थोड्याच फोनांवर चालतात. बाकीच्यांत आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर करणारी चिप असते. त्याहून फसवे म्हणजे फक्त हेडफोनसाठी केलेले अडॅप्टर. त्यांत गाणी वाजतात, म्हणून माणूस ते चांगले आहेत असं धरून चालतो, पण माइकची तार आत जोडलेलीच नसते. विकत घेताना "माइक चालतो का?" एवढंच विचारावं आणि दुकानातच अंगठा फिरवून बघावा. वायरलेस माइकचा रिसीव्हर टाइप-सीत खोचायचा असेल, तर वनप्लस, ओप्पो, रिअलमी अशा फोनांत सेटिंगमध्ये जाऊन OTG चालू करावं लागतं. आणि ते थोडा वेळ वापरलं नाही की आपोआप बंद होतं. चहा घेऊन परत बसताना म्हणूनच रिसीव्हरचा दिवा बघायचा.

शेवटी उरतं अॅप. फोनने माइक ओळखला तरी व्हिडिओचं अॅप तो घेईलच असं नाही. आयफोनचा कॅमेरा बाहेरचा माइक आपसूक घेतो. अँड्रॉइडवर तसा भरवसा नाही. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलांत Pro Video मध्ये माइकचं चिन्ह दाबून स्रोत निवडता येतो. ओपन कॅमेरा या मोफत अॅपमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Audio source सापडतो, तिथे External mic निवडायचं. आणि ब्लूटूथ बंद करायचं. खिशातल्या इअरबड्सची डबी उघडी राहिली तर तेही आपला माइक पुढे करतात. एअरप्लेन मोड लावला की ब्लूटूथ बंद होईलच असं नाही, ते वेगळं बघावं लागतं. एअरप्लेन मोड मात्र हवाच, नाहीतर मुलाखतीच्या ऐन रंगात फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

एक पेच इथे सांगायला हवा. रेकॉर्ड केलेलं ऐकून बघायला जावं, तर फोन मुका. पिन लावलेली असते, फोनला वाटतं हेडफोन आहेत, म्हणून तो आवाज तिकडे पाठवतो आणि स्पीकर बंद ठेवतो. ऐकायचं तर पिन काढावी लागते. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, पिन काढून, नीट कान देऊन ऐकणं गरजेचंच आहे. खरखर, कपड्याची घासण, मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटणं हे सगळं त्यातूनच कळतं. पण पिन काढली की आधीची चाचणी रद्द झाली. परत खोचलेली पिन ही नवी जोडणी असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड, मग ऐकणं, मग पिन पुन्हा घालणं, मग खरं रेकॉर्डिंग चालू करून त्यातच पुन्हा अंगठा आणि नख. त्यानंतर पहिला प्रश्न. त्या दोन आवाजांची खूण फाइलच्या सुरुवातीला कायमची राहते.

मुलाखत संपली की लाल बटण बंद करण्याआधी पुन्हा एकदा फोमवर अंगठा फिरवायचा. बोलताना माणूस पुढे वाकतो, उठून काही आणायला जातो, वायर ओढली जाते, पिन किंचित सुटते. काही अॅपमध्ये रेकॉर्डिंग न थांबता फोनच्या माइकवर सरकतं. शेवटची खूण नीट आली, तर दोन खुणांच्या मधलं बहुधा सुखरूप असतं. नाही आली, तर माणूस अजून समोर बसलेला असतो आणि महत्त्वाचे दोन प्रश्न पुन्हा विचारता येतात. वायर फोनपाशी एक वेढा देऊन रबराने बांधली की ओढ पिनवर येत नाही, हा त्यावरचा साधा इलाज.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. समोरच्याला ती सांगून घ्यावीत, "तुमचं बोलणं नीट यावं म्हणून तपासते आहे" असं म्हणून. कुणाचीही त्याला हरकत नसते. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा रेघांवर विश्वास टाकण्याआधी फोमवर अंगठा घासा, फोनवर नख घासा आणि कोणता माइक ऐकतोय ते स्वतः बघा. मगच पहिला प्रश्न विचारा.